शोरूमचे 12 टक्के की पतसंस्थेचे 16? गाडीच्या कर्जाचं गणित जुळत नाहीये

अडाणकाठ
मंडळी, नमस्कार. गाव दारव्हा तालुक्यातलं. धाकट्या भावाला मोटारसायकल घ्यायची आहे. रोज जिनिंगवर जाऊन-येऊन बत्तीस किलोमीटर, एसटीची वेळ जुळत नाही, त्यामुळे गाडी हवी हे घरात सगळ्यांना पटलंय. अडलंय ते कर्जावर. 35 हजार आमच्याजवळ आहेत, 60 हजार कमी पडतात.

शोरूममध्ये फायनान्सचा एक पोरगा टेबल टाकून बसतो. त्याचा हिशेब असा: 60 हजारांवर 12 टक्के, दोन वर्षं, महिन्याचा हप्ता 3,100. आधारकार्ड, पासबुक आणि फोटो दिला की संध्याकाळी गाडी दारात. तालुक्याच्या पतसंस्थेत चौकशी केली तर ते म्हणतात 16 टक्के, दोन जामीनदार आणा, पंधरा दिवस लागतील.

भाऊ म्हणतो, 16 पेक्षा 12 स्वस्त, यात विचारायचं काय? बाबांचंही तेच. पण पतसंस्थेच्या क्लार्कने कागदावर हप्ता लिहून दिला 2,938. दर जास्त आणि हप्ता कमी, हे कसं? क्लार्कला विचारलं तर म्हणाला, "आमचं व्याज घटत्या शिल्लकीवर आहे." मी हो म्हणून मान डोलावली, कळलं काहीच नाही. मुद्दल तेच, 24 हप्ते तेच. कोणाचं चुकतंय?

कपाशीवाला_बावा
कोनाचंच चुकत नाई भाऊ, दोघंबी आपापल्या जागी बरोबर हायेत. मी तुले सोपं सांगतो. समज तू 24 एकर वावर मक्त्यानं घेतलं. दर महिन्याले एक एकर मालकाले वापस करत गेला. शेवटच्या महिन्यात तुह्याजवळ उरलं एक एकर. पन मालक मक्ता घेते 24 एकराचा, पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत. त्याले म्हन्तात फ्लॅट. पतसंस्थावाला जेवढं वावर तुह्याकडं उरलं तेवढ्याचाच मक्ता घेते. म्हनून त्याचा दर मोठा दिसते अन् पैसा कमी जाते.

आता हिशेब. फ्लॅटचा दर दुप्पट केला की खरा दर निंगते. 12 चे 24. पतसंस्थेचे 16. घे पतसंस्थेचं अन् मोकळा हो.

तूरवाली_ताई
विषय वाचला. मला एक कळत नाही, आपल्या सोसायटीतून तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्याने कर्ज मिळतं, पंजाबराव देशमुख योजनेतलं. मग 12 आणि 16 च्या भानगडीत पडायचं कशाला?

अडाणकाठ
ताई, ते पीककर्ज. वेळेवर भरलं तर व्याजाची सवलत मिळते हे बरोबर आहे आणि आमचं घेऊन झालंय, ते पऱ्हाटीत गेलं. त्यातून गाडी घेतली तर पुढच्या हंगामात बियाणं कशाने आणू?

बावा, मक्त्याचं उदाहरण डोक्यात बसलं. पण 12 चे थेट 24? शोरूमवाल्याला हे सांगितलं तर तो मला हाकलेल.

निवृत्त_शाखाधिकारी
बावांचं मक्त्याचं उदाहरण मी बँकेत असतो तर भिंतीवर लावलं असतं. फक्त दुप्पट हा अंदाज थोडा पुढे जातो. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो.

शोरूमच्या पोराने केलेला हिशेब: 60,000 चे 12 टक्के म्हणजे वर्षाला 7,200, दोन वर्षांचे 14,400. मुद्दलात मिळवले, 74,400 झाले, भागिले 24, हप्ता 3,100. बेरीज-भागाकारात चूक नाही. पण यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की 60,000 रुपये पूर्ण दोन वर्षं तुमच्या खिशात होते. तसे ते नसतात. पहिल्या हप्त्यालाच त्यातले काही परत जातात. पैसे जर शेवटच्या दिवशी एकरकमी परत करायचे असते आणि अधेमधे फक्त महिन्याचे 600 व्याज द्यायचं असतं, तर हे कर्ज खरोखरच द.सा.द.शे. 12 चं झालं असतं. सावकाराचा शेकडा एकचा हिशेब तसाच असतो. मुद्दल पूर्ण त्याचं तुमच्याकडे पडून असतं, म्हणून त्याचा शेकडा दोन म्हणजे सरळ 24. तिथे दुप्पट-बिप्पट काही करायचं नसतं. हप्त्याच्या कर्जाला तोच शब्द लावला की घोळ होतो.

आता खरा दर. ज्या मासिक दराने, उरलेल्या रकमेवर व्याज लावत गेलं तर 3,100 चे चोवीस हप्ते बरोबर कर्ज संपवतात, तो दर. तो निघतो महिन्याला 1.7976 टक्के, वर्षाला 21.57. पहिल्या महिन्याचा हिशेब पाहा: 60,000 वर 1,079 व्याज, हप्त्यातले उरलेले 2,021 मुद्दलात. शिल्लक 57,979. दुसऱ्या महिन्यात व्याज 1,042. असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात व्याज फक्त 55 रुपयांच्या आसपास. शोरूमवाला मात्र सांगतो, दर महिन्याला सारखे 600.

पतसंस्थेचे 16 म्हणजे 16 च. तिथे एकूण व्याज साधारण 10,500, इथे 14,400. फरक 3,900 रुपयांचा.

कपाशीवाला_बावा
साहेब, 24 अन् 21.57 मध्ये असा काय मोठा फरक? दुप्पट म्हनलं की मानूस सावध तरी होते.

निवृत्त_शाखाधिकारी
सावध व्हायला हरकत नाही, पण तुलना करायची वेळ आली की तेच अडीच टक्के आडवे येतात. समजा पतसंस्थेने 22.5 सांगितले असते. दुपटीच्या नियमाने तुम्ही 24 टाळायला म्हणून पतसंस्था घेतली असती आणि महाग पडली असती.

दुपटीच्या मागचा विचार असा. मुद्दल दर महिन्याला सारखं, 2,500 ने उतरलं, तर पहिल्या महिन्यात 60,000 आणि शेवटच्यात 2,500, सरासरी 31,250. वर्षाचे 7,200 व्याज त्या सरासरीवर काढलं की 23.04 येतं. पण समान हप्त्यात मुद्दल सारखं उतरत नाही. सुरुवातीला हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो, मुद्दल हळू फिटतं, म्हणजे पैसे तुमच्याकडे जरा जास्त दिवस राहतात. म्हणून सरासरी शिल्लक 33,400 च्या जवळ आणि दर 21.57. मुदत वाढली की हे अंतर आणखी वाढतं: फ्लॅट 12 चं पाच वर्षांचं मासिक हप्त्याचं कर्ज साधारण 20.3 ला पडतं. अंदाजच हवा असेल तर एक-दोन वर्षांच्या मासिक हप्त्याला 1.8 ने गुणा, दुपटीपेक्षा जवळ जाल.

ट्रॅक्टर_जुना_मालक_नवा
साहेब, मग माझंही सांगा. मी जुना ट्रॅक्टर घेतला, 3 लाख कर्ज, फ्लॅट 10 टक्के, चार वर्षं. हप्ता सहा महिन्यांनी, 52,500 चा, एकूण आठ. बावाच्या हिशेबाने 20 टक्के, तुमच्याने 18. दोन्ही ऐकून झोप उडाली. एक हप्ता कापूस-तुरीवर येतो म्हणून बरं वाटत होतं.

निवृत्त_शाखाधिकारी
झोपा. तुमचा दर 16.3 आहे. मी 1.8 मासिक हप्त्यासाठी म्हटलं होतं. तुमचा हप्ता सहा महिन्यांनी येतो, म्हणजे पहिले सहा महिने पूर्ण 3 लाख तुमच्याकडे. बावांच्या भाषेत, वावर लवकर परत करत नाही, तर पूर्ण मक्ता देणं तितकं अन्यायाचं नाही. हप्ते जितके लांब तितका फ्लॅट आणि खरा दर जवळ येतो. एकच हप्ता शेवटी असेल आणि व्याज दरवर्षी देत गेलात तर दोन्ही एकच.

म्हणूनच "फ्लॅट दहा" एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. हप्ता केवढा, हप्ते किती, आणि किती महिन्यांनी, हे तिन्ही हवेत.

एक्सेलप्रेमी
ज्यांच्याकडे मोबाईलवर शीट आहे त्यांनी कोणालाच विचारू नये. एका ओळीचं काम आहे:

```
=RATE(24,-3100,60000)*12
=RATE(8,-52500,300000)*2
```

पहिली ओळ अडाणकाठची, दुसरी ट्रॅक्टरची. हप्त्याआधी वजा चिन्ह विसरलात तर चूक दाखवेल. उत्तर 0.2157 असं दिसलं तर खाना टक्क्यात करा.

पण साहेबांच्या एका गोष्टीला माझी हरकत आहे. महिन्याचा 1.7976 हा 12 ने गुणणं बरोबर नाही. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला 23.8 येतो. खरा दर तोच.

निवृत्त_शाखाधिकारी
तुमचं गणित बरोबर आहे, 23.8 येतो. पण पतसंस्थेचे 16 हेही महिन्याचा दर गुणिले 12 असंच काढलेले आहेत. एकाला चक्रवाढ आणि दुसऱ्याला सरळ लावलं तर तुलना बिघडेल. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या विवरणाच्या नमुन्यात दिलेलं उदाहरणही 12 ने गुणूनच जुळतं. दोन्हीकडे एकच माप वापरा, मग कोणतंही वापरा.

एक्सेलप्रेमी
माप एकच हवं हे मान्य. पण मुदत ठेवीशी तुलना करताना 23.8 च घेणार मी. आपण दोघं यावर एकमत होणार नाही असं दिसतंय.

कपाशीवाला_बावा
तुमच्या भांडनात गाडी राहून जाईन. अडाणकाठ, त्या पोराले विचार, 60 हजार पुरे देते का काही कापून देते?

अडाणकाठ
बावा, बरोबर नस पकडली. आज परत गेलो होतो. 2,000 फाईल चार्ज, जीएसटी धरून. आणि 1,500 कर्जाचा विमा, "सगळ्यांचाच काढतो" म्हणाला. हे 3,500 कर्जातूनच कापणार, म्हणजे शोरूमला जाणार 56,500. उरलेले खिशातून. हप्ता मात्र 3,100 च.

निवृत्त_शाखाधिकारी
आता पुन्हा करू. हातात आले 56,500, परत द्यायचे 3,100 चे चोवीस. वरच्या ओळीत 60000 च्या जागी 56500 टाका. महिन्याला 2.33, वर्षाला 27.96.

दर 12 चा, घटत्या शिल्लकीवर 21.6, कापलेले पैसे धरून जवळजवळ 28. साडेतीन हजारांनी दर सहा टक्क्यांहून जास्त वाढला. लोकांना वाटतं, 3,500 म्हणजे 60 हजारांच्या सहा टक्क्यांहूनही कमी, एकदाचे गेले. पण ते पहिल्याच दिवशी जातात आणि कर्जाची सरासरी मुदत दोन वर्षं नाहीच, जेमतेम एक वर्षाच्या पुढे आहे. छोट्या रकमेच्या, छोट्या मुदतीच्या कर्जात दरापेक्षा आकार जास्त मारतात. दोन लाखांच्या कर्जाला तेच 3,500 फारसे जाणवले नसते.

म्हणून पतसंस्थेतही हेच विचारा. शेअर्सचे किती कापता, ते केव्हा परत मिळतात, फॉर्म फी किती. त्यांचे 16 सुद्धा कागदावर 16 राहत नाहीत कधीकधी.

संत्रेवाली
मी मोर्शीकडची. माझा प्रश्न वेगळा पण याच झाडाची फांदी. मी शिलाई मशीन आणि ओव्हरलॉकसाठी 40,000 घेतले, फ्लॅट 12, दोन वर्षं, हप्ता 2,067. बारा हप्ते झाले. आंबिया बहाराचे पैसे आले म्हणून कर्ज बंद करायला गेले. माझा हिशेब सोपा: अर्धी मुदत झाली, अर्धं मुद्दल उरलं, 20,000. त्यांनी सांगितलं 22,130, वर बंद करण्याचा आकार. मला फसवलं ना?

निवृत्त_शाखाधिकारी
ताई, 22,130 हा आकडा गणिताने बरोबर आहे. कर्ज देताना ते फ्लॅट बोलतात, पण त्यांच्या वहीत ते घटत्या शिल्लकीवरच उतरतं, 21.57 नेच. पहिल्या वर्षी तुम्ही भरलेल्या 24,800 मध्ये व्याज 6,930 आणि मुद्दल 17,870 होतं. दुसऱ्या वर्षात व्याज उरलंय फक्त 2,670. कर्ज बंद केलंत तर वाचतील तेवढेच, निम्म्या व्याजाचे 4,800 नाहीत. म्हणजे व्याजाचा मोठा भाग अगोदरच भरून झाला.

आता त्यांचा बंद करण्याचा आकार त्या 2,670 पेक्षा किती कमी आहे ते पाहा. आकार चार टक्के असेल तर 885, वर जीएसटी. मग सतराशेच्या आत वाचतं. तेवढ्यासाठी 22 हजार एकदम द्यायचे की छाटणी-खताला ठेवायचे, हे तुम्ही ठरवा. फसवलं असं मी म्हणणार नाही. पण कर्ज घेतानाच हे उतरत्या शिल्लकीचं पत्रक द्यायला हवं होतं.

संत्रेवाली
पत्रक? मला फक्त हप्त्याच्या तारखांचं कार्ड मिळालं.

निवृत्त_शाखाधिकारी
कर्ज केव्हाचं? रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना एक मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं, ग्राहकाला कळेल अशा भाषेत. इंग्रजीत केएफएस म्हणतात. त्यात वार्षिक टक्केवारी दर छापलेला असतो, एपीआर, आणि त्यात फाईल चार्ज धरावाच लागतो. विमा कंपनीसाठी म्हणून संस्थेने वसूल केलेला पैसाही धरावा लागतो. सोबत हप्त्यागणिक व्याज-मुद्दलाची फोड. त्या विवरणात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

अडाणकाठ, हे तुमच्यासाठीही. "किती टक्के" हा प्रश्न सोडा. "केएफएस दाखवा, एपीआर किती?" एवढंच विचारा. विवरण दिल्यावर सही करायला किमान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत, तेवढे दिवस त्यातल्या अटी त्यांना पाळाव्या लागतात.

तूरवाली_ताई
पतसंस्थेलाही हे लागू?

निवृत्त_शाखाधिकारी
नाही. हा नियम बँका आणि वित्त कंपन्यांना. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेकडे नाही. तिथे कागद मागून स्वतःच हिशेब करायचा.

ट्रॅक्टर_जुना_मालक_नवा
आमच्याकडं मोबाईलवर शीट-बिट नाही चालत. पेनानं कसं करायचं?

निवृत्त_शाखाधिकारी
वहीच्या एका पानावर होतं. अंदाजे महिन्याचा एक दर धरा, समजा 1.8. हातात आलेली रक्कम लिहा, त्यावर 1.8 टक्के व्याज मिळवा, हप्ता वजा करा, खाली शिल्लक लिहा. असं शेवटच्या हप्त्यापर्यंत. शेवटी पैसे उरले तर धरलेला दर जास्त होता, वजा झाले तर कमी. एक-दोनदा खालीवर करून जमतं. तुमच्या हप्त्याला सहामाही दर धरायचा, 8.15, आठच ओळी. कॅल्क्युलेटर चालतो ना?

ट्रॅक्टर_जुना_मालक_नवा
तेवढा चालतो. आठ ओळी मंग आज रात्रीच करतो.

अडाणकाठ
अपडेट देतो. आज भावाला सोबत घेऊन गेलो आणि केएफएस मागितला. पोरगा आधी म्हणाला, "तो डिलिव्हरीच्या वेळी मोबाईलवर येतो, ओटीपी टाकला की." मी म्हटलं ओटीपी टाकायच्या आधी पाहायचा आहे. दोन फोन झाले, चहा आला, मग त्याने त्याच्या मोबाईलवर उघडून दाखवला. सगळा इंग्रजीत. खाली एका चौकटीत APR 27.96%. साहेबांच्या आकड्याशी दशांशापर्यंत जुळला.

भावाचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण तो लगेच म्हणाला, "हप्ता तर 3,100 च आहे, पतसंस्थेपेक्षा दीडशेच जास्त, आणि जामीनदार मागत नाही." आणि हेही खोटं नाही. पतसंस्थेने विमा नको म्हटलं, 600 फॉर्म फी आणि शेअर्सचे 1,000 कापतात, ते कर्ज फिटलं की परत. विमा ऐच्छिक आहे का विचारलं तर शोरूमचा पोरगा म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो." अजून सांगितलेलं नाही.

कपाशीवाला_बावा
दीडशे गुनिले चोवीस कर म्हना त्याले. वर ते साडेतीन हजार. अन् तो पोरगा फोन करन म्हनला का? नाई करत तो.

एक्सेलप्रेमी
शेअर्सचे 1,000 शेवटी परत येतात ना, मग ते पूर्ण खर्चात धरू नका. शीटमध्ये शेवटच्या रकान्यात टाका: `=RATE(24,-2938,58400,1000)*12`. साधारण 18 च्या आत येईल.

अडाणकाठ
टाकून पाहिलं, 17.55 च्या आसपास येतंय. एक जामीनदार तयार आहे, मामा. दुसरा पाहिजे. पगारदार हवा म्हणतात, आणि गावात पगारदार म्हणजे दोन गुरुजी, दोघेही आधीच कोणाचे तरी जामीन आहेत. भाऊ सोमवारपर्यंत थांबायला तयार झालाय.

संत्रेवाली
माझं कर्ज फेब्रुवारी 2025 चं. म्हणजे विवरण मिळायला हवं होतं. उद्या शाखेत जाऊन मागते. बंद करण्याचा आकार त्यात लिहिलेला असेल का, साहेब?

निवृत्त_शाखाधिकारी
असायला हवा. मुदतीआधी फेडल्यास लागणाऱ्या आकारासाठी त्यात वेगळी ओळ असते. ती रिकामी असेल तर फोटो काढून ठेवा आणि मगच पैशाचं बोला.